बुलेट्सऐवजी चित्र: वक्ता नसतानाही समजणारी स्लाइड कशी तयार करतात?

सादरीकरणातली स्लाइड एकदा बोलून दाखवली जाते, पण त्यानंतर ती अनेकदा बोलण्याविनाच वाचली जाते. बैठक संपल्यावर तिची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते, बैठकीला न आलेला अधिकारी ती मोबाइलवर उघडतो, आरोग्य केंद्राच्या प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवर ती दिवसभर आपोआप बदलत राहते. अशा वेळी समजावून सांगायला कोणीही नसते. स्लाइडवर जे आहे तेवढेच वाचणाऱ्याच्या हाती असते.

बुलेट्सच्या याद्या कंटाळवाण्या वाटतात म्हणून त्या काढून चित्रे टाकावीत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. पाच बुलेट्स काढून तिथे डोंगरावर चढणाऱ्या माणसाचा फोटो लावला, तर वक्ता बोलत असेपर्यंत स्लाइड छान दिसते. वक्ता गेला की तिचा अर्थही जातो. बुलेट्सच्या जागी येणाऱ्या चित्राने, त्या यादीत जे सांगायचे राहून जात होते ते सांगितले पाहिजे. म्हणून आधी यादीत काय राहून जाते ते पाहू.

बुलेट्स काय गाळतात?

सलग परिच्छेदात दोन वाक्यांना जोडणारे शब्द असतात: ‘मग’, ‘त्यामुळे’, ‘पण’, ‘त्यापेक्षा’, ‘त्यांपैकी’. मजकुराची यादी केली की सर्वांत आधी हेच शब्द गळतात. प्रत्येक ओळीपुढे सारखाच ठिपका येतो आणि ओळींमधले नाते सांगायचे काम वक्त्याच्या तोंडावर सोपवले जाते.

म्हणूनच चित्र निवडण्याची सोपी रीत अशी: यादीतल्या प्रत्येक दोन ओळींमध्ये गळलेला जोडशब्द परत लिहून पाहावा. ‘मग’ बसत असेल, तर तो क्रम आहे. त्यासाठी एकापुढे एक चौकटींची पट्टी लागते. ‘त्यामुळे’ बसत असेल, तर कारण आणि परिणाम यांना जोडणारा बाण लागतो. ‘पेक्षा’ बसत असेल, तर ती तुलना आहे आणि दोन्ही गोष्टी एकाच मापाने शेजारी-शेजारी दिसायला हव्यात. ‘पैकी’ बसत असेल, तर पूर्ण आणि त्याचे भाग दिसायला हवेत. आणि कुठेही फक्त ‘आणि’ बसत असेल, तर ती खरोखरच यादी आहे. तिला ओढूनताणून आकृती बनवण्यात अर्थ नसतो.

पॉवरपॉइंटमधल्या तयार `SmartArt` आकृत्यांचा घोटाळा इथेच होतो. स्वतंत्र असलेले पाच मुद्दे गोल बाणांच्या चक्रात बसवले, तर पहिल्यातून दुसरा आणि पाचव्यातून पुन्हा पहिला निर्माण होतो, असे वाचणाऱ्याला दिसते. यादी काही सांगत नव्हती. हे चक्र चुकीचे सांगते.

कोलंबिया यानाची स्लाइड

तुलना यादीत कशी हरवते याचे सर्वांत चर्चिलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयानाचे उड्डाण झाले. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत बाहेरील इंधन टाकीवरच्या फोमचा एक मोठा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच या धडकेने किती नुकसान झाले असेल याचा अंदाज बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनी बांधला आणि तो नासाच्या अधिकाऱ्यांसमोर स्लाइड्समधून मांडला. १ फेब्रुवारीला पृथ्वीच्या वातावरणात परतताना यान तुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला.

या सादरीकरणातल्या एका स्लाइडचे विश्लेषण माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केले आणि अपघात चौकशी मंडळाने ते आपल्या २००३च्या अहवालात समाविष्ट केले. स्लाइडच्या शीर्षकाचा आशय असा होता की, नुकसानाचा अंदाज देणारे गणिती मॉडेल सावध बाजूने झुकलेले आहे, म्हणजे प्रत्यक्षात होईल त्यापेक्षा जास्तच नुकसान ते दाखवते. हे वाचून कोणालाही दिलासा वाटावा. त्याखाली बुलेट्स, उपबुलेट्स आणि त्यांच्याही खालच्या पातळ्या होत्या. ‘लक्षणीय’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द पाच ठिकाणी आला होता, पण किती म्हणजे लक्षणीय हे कळत नव्हते. आणि अगदी तळाशी, लहान अक्षरांत, एका उपबुलेटमध्ये ही माहिती होती: चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता, यानावर आदळलेल्या तुकड्याचा अंदाज १,९२० घन इंच होता.

१,९२० भागिले ३ म्हणजे ६४०. ज्या चाचण्यांच्या भरवशावर शीर्षक दिलासा देत होते, त्या चाचण्या ६४० पट लहान तुकड्यांच्या होत्या. घरगुती मापात सांगायचे तर ३ घन इंच म्हणजे सुमारे ४९ मिलिलिटर, अर्ध्या वाटीपेक्षाही कमी; आणि १,९२० घन इंच म्हणजे सुमारे ३१ लिटर, पाण्याचा २० लिटरचा मोठा जार दीड वेळा भरेल एवढे. दोन्ही आकडे स्लाइडवर होते, पण त्यांच्यामधला ‘पेक्षा’ नव्हता.

अपघात या एका स्लाइडमुळे झाला असे मंडळाने म्हटलेले नाही. निर्णयप्रक्रियेतले आणि संस्थेतले अनेक दोष अहवालात नोंदले आहेत. मात्र ही स्लाइड वाचणाऱ्या वरिष्ठ व्यवस्थापकाला जिवाचा धोका जाणवला नसेल हे समजण्यासारखे आहे, असा त्यावरचा निष्कर्ष आहे.

तीच माहिती चित्रात

आता ही तुलना चित्राने दाखवायची झाली, तर पहिला विचार सुचतो तो दोन ठोकळ्यांचा: एक लहान, एक मोठा. इथे एक सापळा आहे. ३ घन इंचांच्या ठोकळ्याची बाजू सुमारे १.४४ इंच भरते आणि १,९२० घन इंचांच्या ठोकळ्याची सुमारे १२.४ इंच. म्हणजे बरोबर प्रमाणात काढूनही मोठा ठोकळा कागदावर फक्त साडेआठ पट उंच दिसतो. बघणारा उंचीची तुलना करतो, घनफळाची नाही, आणि ६४० पट फरक त्याच्या मनात ‘आठ-नऊ पट’ म्हणून नोंदला जातो. चित्र गणिताने बरोबर असूनही वाचणारा चुकीचे समजतो.

या अडचणीवरचा उपाय जुना आहे. १९२०च्या दशकात व्हिएन्नामध्ये ओटो न्यूराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य लोकांना आकडेवारी कळावी म्हणून एक चित्रपद्धती विकसित केली. ती पुढे ‘आयसोटाइप’ नावाने ओळखली गेली. तिचा मुख्य नियम असा की, जास्त संख्या दाखवण्यासाठी चिन्ह मोठे करायचे नाही. त्याच मापाचे चिन्ह जास्त वेळा काढायचे. मोजता येईल अशा गोष्टीत नजर क्वचितच फसते.

हा नियम लावला, तर स्लाइड अशी होते. डाव्या बाजूला एकच ठिपका आणि त्याखाली ‘चाचणीतला तुकडा: ३ घन इंच’. उजव्या बाजूला तेवढ्याच मापाचे ६४० ठिपके, ३२ उभ्या स्तंभांत आणि २० आडव्या ओळींत, आणि त्याखाली ‘यानावर आदळलेला तुकडा: १,९२० घन इंच’. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. दोन ठिपक्यांच्या केंद्रांत पाव इंच अंतर ठेवले, तर हा चौकोन ८ इंच रुंद आणि ५ इंच उंच होतो. डावीकडच्या ठिपक्याला, शीर्षकाला आणि नावांना जागा उरते. ठिपका निवडून `Ctrl+D` दाबल्यावर त्याची नक्कल येते. ती एकदा हव्या अंतरावर ठेवली की पुढच्या नकला तेवढ्याच अंतरावर येत राहतात. ३२ ठिपक्यांची ओळ झाली की तिचा गट करून त्याच रीतीने २० ओळी करता येतात.

शीर्षक म्हणजे पूर्ण वाक्य

एवढ्यानेही स्लाइड स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. ठिपके पाहून वाचणारा विचारेल, ‘बरं, मग?’ त्याचे उत्तर शीर्षकात असावे लागते. ‘चाचणीची माहिती’ किंवा ‘फोमची तुलना’ ही शीर्षके फक्त विषय सांगतात. शीर्षकात क्रियापद असलेले पूर्ण, फार तर दोन ओळींचे वाक्य लिहावे आणि त्याखालच्या चित्राने त्या वाक्याचा पुरावा द्यावा, ही पद्धत अमेरिकेतले तांत्रिक लेखनाचे प्राध्यापक मायकेल ॲली यांनी रुजवली.

इथे ते वाक्य असे होऊ शकते: ‘आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा ६४० पट मोठा आहे, मॉडेल इथे लागू पडते याचा पुरावा नाही.’ हे वाक्य काय म्हणत नाही, तेही पाहण्यासारखे आहे. नुकसान ६४० पट होईल असे ते म्हणत नाही, कारण नुकसान तुकड्याचे वस्तुमान, वेग आणि धडकेचा कोन यांवर ठरते. ठिपक्यांतून जेवढे सिद्ध होते तेवढाच दावा शीर्षकात असावा. चित्र ठसठशीत असले की शीर्षकात जास्तीचे बोलण्याचा मोह होतो, आणि तो खोडून काढायला वक्ताही समोर नसतो.

चित्रातल्या भागांची नावे त्या भागांशेजारीच लिहावीत. कोपऱ्यात रंगांची सूची दिली, तर नजर तिथून इथे फिरत राहते. शिवाय कृष्णधवल छापलेल्या प्रतीत किंवा लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या वाचकाला ती सूची निरुपयोगी ठरते.

आयकॉन कुठे फसतात?

तुलनेपेक्षा क्रमाच्या स्लाइड आपल्याकडे अधिक दिसतात आणि तिथे आयकॉन वापरले जातात. प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवरची ओआरएसची स्लाइड हे त्याचे चांगले उदाहरण आहे. बुलेट्समध्ये ती अशी असते: हात धुवा, १ लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा, मुलाला थोडे-थोडे पाजा, २४ तासांनंतर उरलेले टाकून द्या. जोडशब्द ‘मग’ आहे, तेव्हा चार चौकटींची पट्टी योग्य ठरते. घाईत केलेली पट्टी अशी दिसते: हात आणि नळ, पाकीट आणि ग्लास, मूल आणि चमचा, शेवटी घड्याळ आणि ‘२४’.

यातले दोन आयकॉन धोक्याचे आहेत. पहिला ग्लासचा. पाणी म्हटले की आयकॉनच्या संग्रहात ग्लास सहज सापडतो, पण घरातला ग्लास साधारण २०० मिलिलिटरचा असतो. १ लिटरचे पाकीट त्यात घातले, तर द्रावण पाचपट तीव्र होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या द्रावणात दर लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असते. ग्लासात ते ३७५ होते. एवढे खारट द्रावण जुलाब झालेल्या बाळाच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर नेऊ शकते. शिवाय बाजारात २०० मिलिलिटरसाठीची लहान पाकिटेही मिळतात, त्यामुळे ‘एक पाकीट’ हा आयकॉनही पुरेसा नाही. इथे आयकॉनऐवजी खरा फोटो चांगला: केंद्रातून मिळणारे तेच पाकीट, त्यावरचा ‘१ लिटर’ हा छापील मजकूर वाचता येईल एवढा जवळून, आणि शेजारी पाण्याची १ लिटरची बाटली. खाली शब्दांत ‘१ पूर्ण पाकीट + १ लिटर पाणी’.

दुसरा आयकॉन घड्याळाचा. ‘२४’ आणि घड्याळ यांचे तीन अर्थ निघतात: दर २४ तासांनी द्या, २४ तास देत राहा, २४ तासांनी टाका. आयकॉन नाम चांगले दाखवतो, क्रियापद क्वचितच. म्हणून क्रिया घडतानाच दाखवावी लागते. शेवटच्या चौकटीचे दोन भाग करावेत: डावीकडे भरलेले भांडे आणि ‘आज सकाळी ८: तयार केले’, उजवीकडे तेच भांडे मोरीत उपडे होताना आणि ‘उद्या सकाळी ८: उरलेले ओतून टाका, नवीन करा’. घड्याळाची गरज उरत नाही.

उकळण्याची सूचना जोडायची असेल, तर तिला सर्वांत आधीची स्वतंत्र चौकट द्यावी. ज्वाळेचा आयकॉन दुसऱ्या चौकटीत पाकिटाशेजारी आला, तर तयार द्रावणच उकळले जाईल. ते उकळायचे नसते. आधी पाणी उकळायचे, गार करायचे आणि मग पूड घालायची. चौकटींवर १, २, ३ असे ठळक आकडे द्यावेत. उजवीकडून डावीकडे उर्दू वाचणाऱ्याला नुसती बाणांशिवायची पट्टी उलटी वाचता येते.

स्लाइड समजते का, हे कसे तपासावे?

ज्याने स्लाइड बनवली त्याला ती नेहमीच समजते, त्यामुळे त्याचे मत इथे उपयोगाचे नाही. तपासणीसाठी विषयाशी संबंध नसलेली पाच-सहा माणसे घ्यावीत. ओआरएसच्या स्लाइडसाठी प्रतीक्षागृहात बसलेल्या आया आणि आज्याच उत्तम. स्लाइड टीव्हीवर जितका वेळ राहणार आहे तितकाच वेळ दाखवावी आणि एक शब्दही न बोलता बंद करावी. मग ‘समजलं का?’ असे विचारू नये, कारण त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘घरी गेल्यावर तुम्ही काय-काय कराल, सांगा,’ असे विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

उत्तरांचे तीन गट होतात: बरोबर, अपुरे आणि उलटे. अपुरे उत्तर म्हणजे ‘पावडर पाण्यात टाकायची’, ज्यात माप आलेले नाही. उलटे उत्तर म्हणजे ‘ग्लासात टाकायची’. धोक्याच्या चिन्हांसाठीच्या अमेरिकी मानकात हाच फरक केलेला आहे: किमान ८५ टक्के लोकांनी चिन्हाचा अर्थ बरोबर सांगायला हवा आणि घातक उलटा अर्थ ५ टक्क्यांपेक्षा जास्त जणांनी घेता कामा नये. पाच-सहा माणसांवरून टक्केवारी काढता येत नाही, पण एकानेही उलटे उत्तर दिले, तर ती चौकट बदलायला तेवढे पुरे.

यादी कुठे राहू द्यावी?

काही मजकूर शब्दांतच सुरक्षित असतो. ‘मूल काहीच पीत नसेल, शौचात रक्त असेल किंवा ते सुस्त पडले असेल, तर लगेच दवाखान्यात आणा,’ या धोक्याच्या लक्षणांमध्ये क्रम नाही आणि तुलनाही नाही. त्यांच्यात ‘किंवा’ आहे. चित्रांची पट्टी केली, तर तिन्ही लक्षणे एकापाठोपाठ दिसण्याची वाट पाहायची असते, असा अर्थ निघू शकतो. ही यादी यादीच ठेवावी आणि प्रत्येक ओळीशेजारी हवे तर एक लहान चित्र द्यावे. नकाराचेही तसेच आहे. वस्तूवर मारलेली फुली ‘हे करू नका’, ‘हे उपलब्ध नाही’ किंवा ‘हे संपले’ यांपैकी काहीही असू शकते; तिच्याजवळ क्रियापद लिहिलेच पाहिजे. औषधाची मात्रा, फोन नंबर, नियमातल्या अटी हेही शब्दांत आणि आकड्यांतच द्यावे.

शेवटची अडचण फाइलची आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली नावे दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांत दिसतात आणि ज्या नावांवर चित्राचा अर्थ अवलंबून होता तीच नाहीशी होतात. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये लिहावा आणि बाहेर पाठवायची प्रत पीडीएफ करावी. प्रत्येक चित्रावर राइट-क्लिक करून `Alt Text`मध्ये त्याचा अर्थ एका वाक्यात लिहावा. न दिसणाऱ्या वाचकाला त्याचा संगणक तेच वाचून दाखवतो. ते वाक्य लिहिताना ‘ग्लास आणि पाकीट’ यापलीकडे काही सुचत नसेल, तर दोष त्या चित्रातच आहे, आणि तो बघणाऱ्यालाही अडवणार आहे.